बूथ नंबर पाचचे सहा ट्रे : रात्री साडेतीन ते पाचच्या दरम्यान नक्की काय होतं त्याची एक केस

मी वाळूजच्या एका इंजेक्शन बनवणाऱ्या प्लांटमध्ये व्हिज्युअल इन्स्पेक्शनला शिफ्ट इनचार्ज होतो, कंपनीचं नाव सांगत नाही कारण त्याचा इथे संबंध नाही आणि खरं सांगायचं तर असं कुठल्याही प्लांटमध्ये होऊ शकतं. थर्ड शिफ्टमधल्या एका बॅचची ही गोष्ट आहे. त्या बॅचने मला जे शिकवलं ते आधीच्या सात-आठ वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी काम काय असतं ते सांगतो. वायल म्हणजे इंजेक्शनची छोटी काचेची बाटली. तिच्यात औषध भरून, रबर स्टॉपर लावून, वर ॲल्युमिनियमचं सील बसलं की प्रत्येक वायल माणसाच्या डोळ्याखालून जाते. बूथ म्हणजे एक खोका, वर ट्यूबलाईट, मागे अर्धा भाग काळा आणि अर्धा पांढरा, उजेड २,००० ते ३,७५० लक्स. वायल हळूच गोल फिरवायची (जोरात हलवली की बुडबुडे येतात आणि मग बुडबुडा कुठला आणि कण कुठला ते कळत नाही), ५ सेकंद पांढऱ्यासमोर धरायची, ५ सेकंद काळ्यासमोर. काळ्यावर पांढरा धागा आणि काच चमकते, पांढऱ्यावर काळा कण दिसतो. बाकी क्रॅक, कमी भरलेली, सील ढिलं, हे सोबतच बघायचं. आमच्याकडे दोन हातात दोन वायल घ्यायचे, १०० चा एक ट्रे साधारण १३ मिनिटांत व्हायचा. ट्रेवर स्लिप, स्लिपवर इन्स्पेक्टरचा कोड, सुरू आणि संपल्याची वेळ, रिजेक्ट किती आणि कशामुळे.

बस. हेच, रात्रभर. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव वायल चांगल्याच असतात. म्हणजे माणसाला तासाला साडेचारशे वेळा "काही नाही" बघायचं असतं आणि त्यातल्या पाच-सात वेळा "काहीतरी" दिसलं की पकडायचं असतं.

त्या रात्री बॅच होती १८,००० वायलची, आठ बूथ, आठ जण. साडेअकराला सुरू केलं, दोन ते अडीच डबा, पावणेसहापर्यंत १८० ट्रे संपले. मला बरं वाटलं, वेळेत झालं. सकाळी क्यूए म्हणजे क्वालिटी ॲश्युरन्सवाल्यांनी एक्यूएलचं सॅम्पल काढलं, म्हणजे पास झालेल्यातल्या थोड्या वायल परत तपासून खराब किती निघतात ते ठरलेल्या लिमिटशी ताडायचं, एवढ्या बॅचला ३१५ वायल, वेगवेगळ्या ट्रेमधून. आणि त्यात कण असलेल्या वायल लिमिटच्या वर निघाल्या. एक तर काचेचा तुकडा होता, बारीक, पण काळ्यासमोर धरला तर चांगला चमकत होता. कोणीही पकडला असता. डेव्हिएशन लागलं, म्हणजे कामात चूक झाल्याची रीतसर नोंद झाली, आणि पूर्ण बॅच परत इन्स्पेक्शनला.

पहिली प्रतिक्रिया कुठल्याही प्लांटमध्ये जी असते तीच झाली. "रात्री कोण झोपलं होतं?" मॅनेजर साहेबांनी मला विचारलं आणि मी लगेच बूथ दोनवाल्या पोराचं नाव पुढे केलं, कारण तो खरंच पेंगत होता, मी स्वतः चारला त्याला दोनदा हटकलं होतं, मान खाली पडायची, मग उठून तोंड धुवून यायचा, परत बसायचा, पंधरा मिनिटांत परत उठायचा. वॉर्निंग लेटर टाईप पण झालं होतं.

ते लेटर थांबलं कारण री-इन्स्पेक्शन दिवसपाळीच्या मुलींनी केलं आणि त्यांच्या लीड मॅडमनी एक शहाणपणाची गोष्ट केली. वायल सगळ्या एकत्र न ओतता ट्रेवाईज बघितल्या आणि प्रत्येक जुन्या स्लिपवर पेन्सिलने लिहीत गेल्या की या ट्रेमध्ये रात्री सुटलेले किती सापडले. संध्याकाळी १८० स्लिप माझ्या टेबलावर. एकूण ३७ सुटलेले. मी त्या वेळेप्रमाणे लावल्या, अक्षरशः टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या. ३७ पैकी २४ वायल सव्वातीन ते सव्वापाच या दोन तासांतल्या ट्रेमधल्या होत्या. त्या दोन तासांत एक तृतीयांश ट्रे झाले होते आणि चुका दोन तृतीयांश.

इथवर कोणाला आश्चर्य वाटायचं कारण नाही, पहाटे चारला शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, मेंदू म्हणतो आता झोप, सगळ्यांना माहितीये. पण मग मी बूथप्रमाणे लावल्या. बूथ दोनचे, म्हणजे पेंगणाऱ्या पोराचे, सुटलेले होते फक्त दोन. आणि बूथ पाचचे अकरा.

बूथ पाचवर जो बसतो तो आमचा सगळ्यात भरवशाचा माणूस. मी त्याला दादा म्हणतो, वयाने मोठा आहे. रात्रभर जागचा हलला नव्हता. पाठ ताठ, डोळे उघडे, हात घड्याळासारखे चालू. मी चार वाजता त्याच्या मागून दोनदा गेलो आणि मनात म्हणालो, बघा, असं काम पाहिजे.

त्याच्या स्लिप एका ओळीत लावल्या तेव्हा पोटात गोळा आला. दोन वाजेपर्यंत दर ट्रेला रिजेक्ट एक, दोन, एक, शून्य, दोन, असं, ट्रेची वेळ १२ ते १५ मिनिटं, कमी जास्त. साडेतीननंतर सलग सहा ट्रे, रिजेक्ट शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. आणि वेळ? ११ मिनिटं. प्रत्येक ट्रे ११ मिनिटं. एकसारखी. (मधे त्याने रिजेक्ट काढलाच नाही, मग स्लिपवर लिहायलाही थांबला नाही, म्हणून वेळ कमी.) वायल आपोआप तर सुधारत नाहीत ना पहाटे. तीच बॅच, तेच मशीन, शेजारच्या बूथला रिजेक्ट निघतायत आणि इथे सहाशे वायलमध्ये एकही नाही. हे मला चार वाजताच कळायला हवं होतं, स्लिप माझ्यासमोरच होत्या, पण मी स्लिप बघत नव्हतो, माणसं बघत होतो.

दादाशी बसून बोललो, मॅनेजरच्या केबिनमध्ये नाही, कँटीनमध्ये. म्हटलं दादा खरं सांगा, मी लिहून घेत नाहीये. ते म्हणाले, "साहेब, झोप नव्हतीच लागली. मी बघत होतो. पण काय बघितलं ते आठवत नाही." आमच्या बूथला पेसिंगचा बीप असतो, म्हणजे पाच सेकंद झाले की टिट्, परत पाच सेकंद, टिट्, जेणेकरून कोणी घाई करू नये. त्यांनी सांगितलं की तीननंतर तो टिट् वाजला की हात आपोआप फिरतो, टिट् वाजला की पुढची वायल, डोकं कुठेतरी लांब. घाई थांबवायला लावलेला बीप चार वाजता अंगाईगीत झाला होता.

आणि अजून एक. साप्ताहिक सुट्टीनंतरची ती त्यांची पहिली रात्र होती. घरी हळद होती पुतणीची, सकाळी आठपासून उभे, दुपारी पडायला मिळालं नाही, तसेच अकराला हजर. चार वाजता त्यांना जागं राहून वीस तास झाले होते. १९९७ साली ऑस्ट्रेलियात एक अभ्यास झाला होता, त्यात सतत १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हात-डोळ्याची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी मोजली गेली. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे दादांना त्या वेळी बाईक चालवू दिली नसती तर योग्य होतं, आपण इंजेक्शन तपासायला बसवलं होतं.

मग पेंगणारा पोरगा कसा वाचला? तर तो उठत होता म्हणून. एका जागी बसून क्वचित येणारी खूण शोधत राहणं हे माणसाला नैसर्गिक जमतच नाही, मग रात्र असो की दिवस. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसलेल्या लोकांच्या नजरेतून पाणबुड्या का सुटतात हे शोधताना मॅकवर्थ नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने घड्याळाच्या काट्याचा प्रयोग केला होता, निष्कर्ष १९४८ मध्ये छापून आले, काटा मधूनच दुप्पट उडी मारतो ती पकडायची, आणि पहिल्या अर्ध्या तासातच पकडायचं प्रमाण घसरलं. हे ताज्या माणसांचं. पोराचं पेंगणं म्हणजे शरीर त्याला पंधरा मिनिटांनी हाकलत होतं, आणि परत आला की पुढचे दहा मिनिटं त्याचे डोळे चालायचे. दादांना सवय होती, शिस्त होती, म्हणून ते बसून राहिले. उलटं वाटतं पण स्लिप तेच सांगत होत्या. वॉर्निंग लेटर फाडलं, दोघांपैकी कोणालाच दिलं नाही, त्यासाठी मला साहेबांशी बरीच हुज्जत घालावी लागली ते वेगळं.

आता काय बदललं.

पहिलं म्हणजे मी रात्री माणसांच्या डोळ्यांकडे बघणं सोडलं आणि स्लिपकडे बघायला लागलो. साधा कागद, आठ रकाने, ट्रे संपला की रिजेक्ट आणि मिनिटं लिहायची. सलग तीन ट्रे शून्य आले आणि बाकीच्या बूथला रिजेक्ट निघतायत, किंवा ट्रेची वेळ अचानक एकसारखी आणि कमी झाली, तर त्या माणसाला उठवायचं. ओरडायचं नाही, कारण विचारायचं नाही, नुसतं उठवायचं आणि ट्रे उचलायच्या कामाला लावायचं. तीन शून्य योगायोगाने पण येतात, बॅच स्वच्छ असली तर जास्तच येतात, त्यामुळे शेजारच्या बूथशी तुलना केल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. आणि तीन शून्य आले की आधीचे तीन ट्रे दुसऱ्याने परत बघायचे, हे जास्त महत्त्वाचं.

दुसरं, बसण्याचा वेळ. आधी दोन तास बूथ मग चहा असं होतं, एसओपीत म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत तासाला ब्रेक लिहिलेला होता पण टार्गेटपुढे तो कोण घेतो. आता तीसेक मिनिटं बूथ, दहा मिनिटं बूथच्या बाहेर, ट्रे आणणं, रिकामे लावणं, स्लिप फाईल करणं. आठ बूथला दहा माणसं लागली, दोन फिरती. साहेब म्हणाले आउटपुट पडेल, पडलं, पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांच्या आसपास. पण पूर्ण बॅच परत बघायला दिवसपाळीची एक अख्खी शिफ्ट गेली होती, तो हिशोब मांडल्यावर ते गप्प बसले.

तिसरं, चहा. हे हसण्यासारखं आहे पण आमचा चहा साडेचारला यायचा, म्हणजे सगळे आधी झोपायला लागायचे आणि मग चहा. कॅफिनला चढायला अर्धा तास लागतो, म्हणजे पाचला असर, आणि मग सातला सुटून घरी गेल्यावर झोप येईना कारण निम्मं कॅफिन चार-पाच तासांनी पण रक्तात असतं, मग दुसऱ्या रात्री अजून वाईट. कँटीनवाल्या काकांना विनवून चहा पावणेतीनला आणला. साडेचारनंतर चहा बंद, लिंबूपाणी. याच्यावर जेवढी नाराजी झाली तेवढी दुसऱ्या कशावर झाली नाही.

चौथं, झोप. होय, ड्युटीवर झोप. सुट्टीनंतरची पहिली रात्र असेल त्याला तीनच्या आधी वीस मिनिटं आडवं व्हायला द्यायचं. वीसच. जास्त झोपला की गाढ झोपेत जातो आणि उठल्यावर डोकं जड, आणि वीस मिनिटांनंतर पण लगेच बूथवर नाही बसवायचं, दहा-पंधरा मिनिटं ट्रे हलवायचे, मग बूथ. एकदा मी घाईत एकाला उठवून सरळ बूथवर बसवला तर पहिल्याच ट्रेमध्ये त्याने सील नसलेली वायल पास केली. सील नसलेली! ती तर शेजारच्याने लांबून बघितली. एचआरला "झोप" हा शब्द चालत नव्हता म्हणून रजिस्टरमध्ये "विश्रांती ब" असं लिहितो, अ म्हणजे चहा.

पाचवं मला सगळ्यात आवडतं पण ते करायला सगळ्यात त्रास झाला. माणसाला खराब वायल फार क्वचित दिसते म्हणून त्याचा मेंदू "नसणारच" असं धरून चालतो, हा झोपेपेक्षा वेगळा आजार आहे, विमानतळावर बॅगा बघणाऱ्यांनाही होतो. माझी कल्पना होती की चारच्या सुमाराला चालू ट्रेमध्ये गुपचूप माहितीतल्या खराब वायल मिसळायच्या. क्यूएच्या मॅडमनी मला जवळजवळ हाकललं. बरोबरच होतं त्यांचं, उद्या एक मिसळलेली वायल परत नाही सापडली तर ती मी स्वतः पेशंटपर्यंत पोचवली असं होईल. मग तोडगा असा निघाला की बॅचशी संबंध नसलेला वेगळा ट्रे, लाल रंगाचा, नंबर टाकलेल्या २० वायल, त्यातल्या ६ खराब, काच, धागा, काळा कण, क्रॅक. दहा मिनिटं बाहेर गेलेला माणूस परत बसायच्या आधी तो ट्रे बघतो आणि लगेच त्याला सांगायचं काय पकडलं आणि काय सुटलं. लगेच. सुटलेली वायल हातात देऊन, "ही बघा, इथे, बुडाशी". नुसते मार्क सांगून उपयोग होत नाही. मग वीस वायल मोजून कपाटात, कुलूप, सही.

याची मर्यादा पण सांगतो. लाल ट्रे म्हणजे परीक्षा हे सगळ्यांना कळतं, त्यामुळे त्या ट्रेवर सगळेच हुशार असतात, त्या निकालावरून चालू बॅचमध्ये किती सुटतायत ते कळत नाही. त्याचा उपयोग मोजायला नाही, डोळ्यांना आठवण द्यायला आहे की काच अशी दिसते. आणि लाल ट्रेनंतर पहिल्या एक-दोन ट्रेत चांगल्या वायल पण रिजेक्टमध्ये जातात, बुडबुड्याला कण म्हणतात. ते चालतं, रिजेक्ट दिवसा दुसरा माणूस परत बघतो. चांगली वायल फेकली तर कंपनीचं नुकसान, खराब वायल पास केली तर कोणाच्या तरी शिरेत काच, एवढा साधा हिशोब.

काय चाललं नाही तेही लिहितो. एसी कमी करून थंडी वाढवली, पाच मिनिटं सगळे जागे, मग सगळे स्वेटर घालून झोपाळलेले. गाणी लावली, ट्रे लावणाऱ्यांना बरं वाटलं पण बूथवाल्यांच्या माना गाण्याच्या ठेक्यावर आणि डोळे परत तसेच. बीप बंद करता आला नाही, व्हॅलिडेशनमध्ये म्हणजे तपासून मंजूर झालेल्या पद्धतीत तो आहे, पण त्याची सेटिंग अशी केली की दर दहाव्या वायलला आवाज वेगळा येतो आणि तेव्हा मोजणी तोंडाने म्हणायची, "चाळीस". जपानच्या रेल्वेत ड्रायव्हर सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतात त्याची ही आमची गरीब आवृत्ती. सुरुवातीला पोरं हसली. आता ट्रे देताना पण म्हणतात, "शंभर, सत्त्याण्णव पास, तीन रिजेक्ट", आणि समोरचा परत म्हणतो, त्यामुळे पहाटेच्या बेरजेच्या चुका, म्हणजे सत्त्याण्णव आणि चार मिळून शंभर असल्या, त्या बऱ्याच गेल्या.

एक गोष्ट मला सोडवता आली नाही. लग्नसराई, गणपती, शेतीची कामं, माणूस दिवसा झोपून येईलच याची खात्री मी देऊ शकत नाही. शिफ्टच्या सुरुवातीला विचारतो, "आज किती झोप?" आणि आता लोक खरं सांगतात कारण खरं सांगितलं तर बोलणी बसत नाहीत, तीन ते पाच सीलचं आणि बाहेरून दिसणारं काम मिळतं, कणांचं नाही. पण चौघं एकदम म्हणाले "नाही झोपलो" तर माझ्याकडे बदली माणसं नाहीत, एकदा असं झालं तेव्हा मी तीनला कणांचं इन्स्पेक्शन बंदच केलं आणि उरलेले चाळीस ट्रे सकाळपाळीला सोडले. मोठा फोन आला वरून. पण एक्यूएल पास झालं.

बदल लागू होऊन तीन आठवडे झाले असतील, पहाटे चार-दहाला मी कागदावर रकाने भरत होतो, बूथ पाचच्या रकान्यात दोन शून्य झाले होते आणि तिसऱ्याची वाट बघत होतो. दादा तिसरा ट्रे घेऊन स्वतःच आले, माझ्यासमोर ठेवला, स्लिप वर. "शंभर, शंभर पास." मग म्हणाले, "साहेब, हे पण शून्यच आहे. मला उठवा आता, आणि मागचे तीन कोणाला तरी बघायला द्या." बूथ दोनच्या पोराने बघितले. दुसऱ्या ट्रेमध्ये एक धागा निघाला.